प्रश्न धड्यातला आहे, पण निष्पत्तीचा आहे का? या चुका टाळा

कृषी पदविकेच्या वर्गाला मी कीड व्यवस्थापन शिकवतो. यवतमाळ जिल्ह्यातलं खेड्यातलं विद्यालय, पोरं बहुतेक कापूसवाल्यांच्या घरची. गुलाबी बोंडअळीच्या घटकासाठी यंदा प्रश्नसंच एआय साधनातून तयार केला होता. घटकातली मुख्य अध्ययन निष्पत्ती अशी: कामगंध सापळ्यातील नोंदी आणि हिरव्या बोंडांची तपासणी यांवरून फवारणी करायची की नाही, हे विद्यार्थी कारणासह ठरवतो. या निष्पत्तीसमोर १२ प्रश्न आले. वरवर पाहता बाराही चालण्यासारखे होते. नीट तपासल्यावर हाती ३ उरले.

बाकीचे ९ कुठे घसरले, ते सांगतो.

विषय जुळला म्हणून टिकमार्क

'गुलाबी बोंडअळीच्या पतंगांसाठी सापळ्यात कोणता ल्युर वापरतात?' उत्तर गॉसिप्ल्युर. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, आणि सापळाही आहेच की प्रश्नात. पण ल्युरचं नाव पाठ असलेला मुलगा नोंदवही हातात दिल्यावर फवारणीचा निर्णय घेऊ शकेल, हे या उत्तरावरून कळत नाही. निष्पत्ती 'ठरवतो' म्हणते, प्रश्न 'आठवतो' तपासतो. बारापैकी ५ प्रश्न याच जातीचे होते. डोमकळी कशाला म्हणतात, सापळे एकरी किती, वगैरे. ते फेकून द्यायची गरज नाही. 'कीड व लक्षणे ओळखतो' अशी वेगळी निष्पत्ती घटकात असेल तर जे तिथे बसतील ते तिथे हलवावेत.

यातला फसवा प्रकार क्रियापदाचा. 'विश्लेषण करा', 'मूल्यमापन करा' असे शब्द प्रश्नात दिसले की आपण ब्लूमच्या वर्गवारीतली वरची पायरी समजून खूश होतो. आमच्याकडे एक प्रश्न होता, 'गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव वाढण्याच्या कारणांचे विश्लेषण करा.' वर्गातल्या नोट्समध्ये त्याच शीर्षकाखाली सहा मुद्दे लिहून दिलेले आहेत. मुलं तेच उतरवतील. म्हणजे हेही पाठांतरच, फक्त लांबलचक. प्रश्नाची पायरी क्रियापदावरून ठरवू नका. उत्तर मुलाला आधीच तयार मिळालं होतं का, यावरून ठरवा.

तक्ता आहे, पण त्याची गरज नाही

आता खरी गंमत. एका प्रश्नात सापळ्याच्या सात रात्रींच्या नोंदी होत्या: १२, ९, ५, १४, १०, ६, ९. सोबत माहिती, की शेतातून २० हिरवी बोंडं फोडून पाहिली, त्यात १ किडकं निघालं. फवारणी करावी का? आकडे, प्रसंग, निर्णय असं सगळं होतं. मी तर लगेच ठेवून घेतला.

उत्तरसूचीत लिहिलं होतं: फवारणी करावी, कारण सरासरी ९.३ पतंग, ८ पेक्षा जास्त.

वर्गात फळ्यावर सोडवायला दिला तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, यात सलग तीन रात्री कुठी हायेत जी?"

खरंच नव्हत्या. गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी सापळ्यात ८ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री, अशी मोजतात. वरच्या नोंदीत पाच रात्री ८ च्या वर आहेत, पण ५ आणि ६ च्या रात्री मध्ये येऊन साखळी तोडतात. बोंडांचा निकष १० टक्के, म्हणजे २० बोंडांत २ किडकी. इथे १ आहे, ५ टक्के. तेव्हा दोन्ही निकषांवर उत्तर एकच: आत्ता फवारणी नको, नोंदी चालू ठेवा. त्या उत्तरसूचीने तपासलं असतं तर सरासरी काढणाऱ्याला पूर्ण गुण आणि ज्याला निर्णय खरंच घेता येतो त्याला शून्य. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेलेल्या जिल्ह्यात विनाकारण फवारणीला गुण देणं मला तरी परवडणारं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. एक, उत्तरसूची न बघता प्रश्न आधी स्वतः कागदावर सोडवतो, पायऱ्या लिहून. दुसरी, तक्त्यावर हात ठेवतो. तक्ता झाकूनही उत्तर देता आलं, तर तो तक्ता शोभेचा आहे. दुसऱ्या एका प्रश्नात असंच होतं: मोठा तक्ता, आणि शेवटी विचारलं काय, तर 'आर्थिक नुकसानीची पातळी किती?'

वरचा प्रश्न मात्र दुरुस्त करण्यासारखा होता. नोंदी तशाच ठेवल्या आणि पर्याय असे केले:

अ) करावी, आठवड्याची सरासरी ८ पेक्षा जास्त
ब) करावी, पाच रात्री ८ पेक्षा जास्त पतंग
क) करू नये, सलग तीन रात्री ८ पतंग नाहीत, बोंडंही १० टक्क्यांखाली
ड) करू नये, पतंगांची संख्या घटत चालली आहे

प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका खऱ्या चुकीचं माप आहे. अ निवडणाऱ्याला 'सलग' समजलेलं नाही, ब वाल्याने रात्री मोजल्या पण क्रम पाहिला नाही, ड वाल्याचा निर्णय योग्य पण कारण हवेत. निष्पत्तीत 'कारणासह' आहे, म्हणून नुसतं करावी किंवा करू नये विचारून भागत नाही; नाणं उडवूनही निम्मे बरोबर येतील. क सगळ्यात लांब झालाय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. हुशार पोरं लांबी पाहून खूण करतात. छपाईआधी 'बोंडंही १० टक्क्यांखाली' हे काढून टाकलं.

सोबत आलेल्या निष्पत्ती क्रमांकावर विश्वास

साधन प्रत्येक प्रश्नासमोर निष्पत्तीचा क्रमांक छापतं. तो क्रमांक दिसला की आपली मान आपोआप डोलते. मीही आधी तेच केलं. यावर उपाय सोपा आहे. क्रमांक खोडून प्रश्न शेजारच्या विषयाच्या मॅडमना द्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे एकच वाक्य लिहून मागा: हे सोडवायला मुलाला काय करता यायला हवं? निष्पत्त्यांची यादी त्यांना दाखवू नका. नंतर तुम्ही त्यांची वाक्यं निष्पत्त्यांशी लावा. दोघांचं जुळलं नाही तर भांडू नका, मुलाकडून तो प्रश्न मोठ्याने बोलत सोडवून घ्या. चार-पाच मुलं पुरतात. आमच्या एका प्रश्नात मुलं निर्णयावर अडत नव्हती, 'लिंगप्रलोभन सापळा' या शब्दावर अडत होती. शेतात सगळे कामगंध सापळा म्हणतात. शब्द बदलला, प्रश्न सुटला.

एका मर्यादेवर मात्र कागदी तपासणीचा इलाज नाही. 'सापळा पिकाच्या शेंड्याच्या वर योग्य उंचीवर बांधतो' ही निष्पत्ती असेल, तर लेखी प्रश्न कितीही सुबक असो, तो उंची माहीत आहे का एवढंच सांगतो. तसे दोन प्रश्न मी संचातून काढून प्रात्यक्षिकाच्या यादीत घातले: काठी, सापळा, ल्युर हातात द्यायचं आणि बांधताना पाहायचं.