बेस्ट ऑफ फाइव्हच्या टक्क्यांवर शाखा ठरवताय? या चुका टाळा

ऐरोलीत मी दहावीची शिकवणी घेतो. गेल्या वर्षी निकालानंतर एक जोडपं मुलीला घेऊन आलं. तिला ८६.६ टक्के होते. बाबांनी सायन्स आणि पुढे इंजिनिअरिंग ठरवलंच होतं. मुलीला अर्थशास्त्राची ओढ, पण "एवढे टक्के पाडून कॉमर्स?" असं आजीने विचारल्यापासून ती गप्प होती.

मी गुणपत्रिका मागितली. हिंदी-संस्कृत ९४, सामाजिक शास्त्रे ९३, मराठी ९१, इंग्रजी ८४, विज्ञान ७१, गणित ६२. टक्के काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे ५०० पैकी ४३३. ज्याच्या जोरावर इंजिनिअरिंग करायचं, ते गणित या टक्क्यांत मोजलंच नव्हतं. ही चूक मी घरोघरी पाहतो. त्यातही गणिताचे २० गुण शाळेकडून येतात. तिला १९ होते, म्हणजे लेखी परीक्षेत ८० पैकी ४३. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून असलेल्या २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, हे बाबांना ठाऊक नव्हतं.

बाबा म्हणाले, "सर, सायन्स घेतलं की मागाहून कुठेही वळता येतं." वळता येतं, हे खरं. पण बी.कॉम.च्या चांगल्या कॉलेजात गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते. सायन्समध्ये रडतखडत ५५ टक्के घेऊन आलेल्या मुलाला तिथे जागा मिळणं अवघड. ती दोन वर्षं फुकटची नसतात.

तरीही ६२ गुण पाहून लगेच सायन्सवर फुली मारू नका. गुण कुठे गेले ते बघा. रीत बरोबर आणि आकडेमोड चुकलेली असेल, तर सरावाने सुधारते. गणित सुरूच करता येत नसेल, तर अडचण खोल आहे. मी तिला बालभारतीच्या अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण दिलं. त्यात भौतिकशास्त्राला लागणारं गणित, सदिश वगैरे आहे. आठवडाभर रोज तासभर, शेजारी बाबा. चौथ्या दिवशी बाबांचाच फोन आला: "सोडवलेलं उदाहरण तिला कळतं, पण पुढचं मांडताच येत नाही."

तिने कॉमर्स घेतलं. इथे दुसरी चूक होता होता राहिली: गणिताला कंटाळलेली म्हणून ती त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, घेणार होती. पण अर्थशास्त्र पुढे शिकायचं तर गणित लागतंच, आणि सीए फाउंडेशनमध्येही त्याचा पेपर आहे. कॉमर्सचं गणित आणि संख्याशास्त्र वेगळ्या वळणाचं असतं. व्याज, विमा, सरासरी यांत तिला अर्थ दिसतो. तिने ते ठेवलं. आठवड्यातून दोनदा ती माझ्याकडे त्याच विषयाला येते, आणि आता उदाहरण स्वतः मांडते.