हॉटस्पॉटवर गेम अडखळतो? या चुका टाळा

ऐन मॅचमध्ये ब्रॉडबँड गेले, फोनचा हॉटस्पॉट लावला, स्पीड टेस्टमध्ये ६० एमबीपीएस दिसले आणि तरीही शत्रू उड्या मारत पुढे सरकतोय. पहिली चूक इथेच होते: स्पीड पाहून निर्णय घेणे. गेमला डेटा थोडाच लागतो, पण तो वेळेवर लागतो. सरासरी पिंगपेक्षाही तो किती वर-खाली होतो, हे महत्त्वाचे. सतत ७० मिलिसेकंद चालतील. ३५ वरून मधूनच २५० वर जाणारे कनेक्शन चालणार नाही.

दुसरी चूक म्हणजे लगेच टॉवरला दोष देणे. लॅपटॉप ते फोन आणि फोन ते सर्व्हर हे दोन वेगळे टप्पे आहेत, म्हणून ते वेगवेगळे मोजा. विंडोजमध्ये `ipconfig` चालवून `Default Gateway` समोरचा पत्ता घ्या. तो तुमच्या फोनचा. मग त्याच्यासाठी आणि बाहेरच्या पत्त्यासाठी शंभर-शंभर पिंग पाठवा:

```
ping -n 100 <Default Gateway>
ping -n 100 8.8.8.8
```

समजा, फोनपर्यंतची सरासरी ६ आहे पण कमाल आकडा १४०. मग दोष टॉवरचा नाही, वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर आणि तुमचाच ब्लूटूथ हेडफोन गर्दी करतात. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्या, किंवा त्याहून चांगले म्हणजे सरळ केबल लावा आणि अँड्रॉइडमध्ये `USB tethering` सुरू करा. पर्याय फिकट दिसला तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची असते; डेटा केबल घ्या. आता फोनपर्यंतचा कमाल आकडा २-३ वर आला आणि बाहेरचा ६०च्या आत राहिला, तर मुंबईतल्या सर्व्हरवर व्हॅलोरंट खेळायला हरकत नाही.

केबल लावूनही बाहेरचा आकडा उसळतो का? आधी घरचे चोर पकडा. फोटोंचा बॅकअप अपलोड होत असेल तर गेमची पॅकेट्स त्याच्या मागे रांगेत अडकतात. फोनवरचा बॅकअप बंद करा, विंडोजमध्ये या कनेक्शनला `Metered connection` करा. स्टीमचे डाउनलोड मात्र हाताने थांबवा. ते या सेटिंगला जुमानत नाही. मग फोन खिडकीत ठेवा. तो ४जी-५जीमध्ये सारखा ये-जा करत असेल तर ४जीवर बांधून पाहा. एवढे करूनही रात्री नऊला आकडे उसळतात आणि पहाटे शांत असतात, तर टॉवरवर गर्दी आहे. त्याला तुमच्याकडे इलाज नाही, दुसऱ्या कंपनीचे सिम सोडून.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी लागू नका. मोबाइल नेटवर्कवर सार्वजनिक आयपी सहसा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे खेळाडूंना थेट जोडणाऱ्या गेममध्ये `NAT: Strict` दिसते आणि ते राउटरवरून सुटत नाही.

शेवटचे, कनेक्शन बदलले की आयपी बदलतो आणि चालू मॅच तुटतेच. रिकनेक्ट देणाऱ्या गेममध्ये परतता येते, पण केबल आधीच लावून ठेवली असेल तरच वेळेत.