चुकून आलेल्या 'हॅलो'ला उत्तर कसं द्यावं

माझ्याकडचा मोबाइल नंबर पूर्वी फोंड्याकडच्या एका भटजींचा होता. त्यामुळे चवथ जवळ आली की अनोळखी माणसांचे 'हॅलो भटजी' सुरू होतात. 'असल्या मेसेजकडे दुर्लक्ष कर' हा सल्ला सगळेच देतात, आणि तो मला मुळीच पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टिका उठल्या की पाठवणारा समजतो, निरोप पोचला. मग यजमान गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधून वाट बघत बसतो आणि भटजींना त्याचा पत्ताच नसतो.

नुसतं 'हॅलो' आलं तर मात्र थांबा. ज्याला काम आहे तो पुढचं वाक्य लिहितोच, त्यात कुणाचं तरी नाव येतं आणि घोळ कळतो. 'कोण?' असं विचारू नका. त्यावर हमखास 'ओळखलं नाही काय?' येतं.

आता नंबर कसा चुकला ते ओळखा, कारण उत्तर त्यावर ठरतं. एकट्याच माणसाकडून मेसेज आला असेल तर बहुधा एखादा आकडा चुकलाय. वेगवेगळी माणसं एकाच नावाने हाका मारत असतील तर नंबर जुन्या मालकाकडून तुमच्याकडे आलाय. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवून दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, पण लोकांच्या फोनमध्ये तो जुन्या नावाने वर्षानुवर्षं राहतो. अशा माणसाला 'नंबर तपासा' सांगून काही उपयोग नाही. त्याने तपासला तरी तोच नंबर निघणार.

समजा मेसेज आला, 'हॅलो भटजी, पूजेला किती वाजता येताय?' मी लिहितो: 'नमस्कार. हा नंबर आता भटजींकडे नाही, तुमचा निरोप त्यांना पोचलेला नाही. नवा नंबर त्यांच्या घरी विचारून घ्या.' आकडा चुकला असेल तर शेवटचं वाक्य बदलून 'शेवटचे आकडे एकदा ताडून बघा' करायचं. मधलं वाक्य कधीच गाळायचं नाही. नुसतं 'राँग नंबर' वाचून माणूस ओशाळतो आणि गप्प बसतो. निरोप पोचलेला नाही हे वाचलं की तो पुढच्या खटपटीला लागतो. मेसेज कोंकणीत आला असेल तर 'तुमचो मेसेज तांकां पावूंक ना' एवढं तरी कोंकणीत लिहावं, रोमी लिपीत आला असेल तर रोमीत.

खरी कसोटी यानंतर लागते, आणि मला बरीच वर्षं ती जमत नव्हती. समोरून येतं, 'सॉरी हां. पण मग तुम्ही कोण?' गोव्यात या प्रश्नाला उत्तर दिलं की संपलं. आडनाव सांगितलं की 'कुठले नाईक?', गाव सांगितलं की 'मग अमक्याच्या घराजवळचे काय?', आणि तिसऱ्या मेसेजात मावसबहिणीची जाऊ निघते. अर्धा तास छान जातो, पूजेची वेळ मात्र ठरायचीच राहते. शिवाय अनोळखी माणसाकडे तुमचं नाव, गाव आणि नंबर तिन्ही जमा होतात. म्हणून नाव सांगायचं नाही आणि उलटा प्रश्नही विचारायचा नाही. 'काही हरकत नाही. तुम्ही आधी भटजींना गाठा, चवथीची गडबड असेल' असं लिहून तिथंच थांबायचं. यात तुटकपणा नाही. उलट घाई त्याची आहे हे तुमच्या लक्षात आहे, असंच त्याला वाटतं. त्यावर हात जोडलेला इमोजी आला तर त्याला उत्तर नको. भटजींचा नवा नंबर तुम्हाला ठाऊक असला तरी त्यांना न विचारता देऊ नका. निरोप तुम्हीच पुढे पाठवा.

एक सावधगिरी. परदेशी नंबर म्हणजे फसवणूक, हा सल्ला गोव्यात चालत नाही. आपली माणसं +971 वरून, +965 वरून, +44 आणि +351 वरूनही घरच्यांना शोधत असतात. कोडपेक्षा चूक कळल्यावरची वागणूक बघा. खरा चुकलेला माणूस माफी मागून निघून जातो. ठग थांबतो: 'चूक झाली, पण तुम्ही सज्जन दिसता', मग रोजचं गुड मॉर्निंग, काही आठवड्यांनी कुठल्याशा गुंतवणुकीची गोष्ट. नाहीतर 'तुमच्या फोनवर चुकून माझा सहा आकडी कोड आलाय, पाठवता?' हा कोड तुमच्याच खात्याचा असतो. इथे सभ्यपणा विसरून रिपोर्ट आणि ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन लावा.