स्थळाची माहिती पाठवण्याआधी जन्मवेळ पूर्ण अक्षरांत लिहा

आधी जन्मवेळेची ओळ बघा. नाव, उंची, शिक्षण सगळं नंतर. वेळेच्या पुढे 'स.', 'सं.', 'दु.', 'रा.' असलं काही दिसलं तर ते खोडा आणि सकाळी, संध्याकाळी, दुपारी, रात्री असा सरळ शब्द लिहा. गेल्या खेपेला आमच्या घरच्या मुलीच्या माहितीत नेमकं हेच राहिलं, म्हणून पुढची तयारी इथूनच सुरू करतेय.

मुलगी संध्याकाळी ६.४० ची. आजीच्या वहीत 'सं. ६.४०' असं होतं. टाइप करताना अनुस्वार गेला आणि 'स. ६.४०' झालं. 'स.' म्हटलं की वाचणारा सकाळच धरणार, त्यात त्याची चूक काहीच नाही. मुलाकडच्यांनी त्या वेळेवर पत्रिका मांडली. लग्नरास म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, ती १२ तासांत साधारण सहा राशी पुढे जाते, त्यामुळे ग्रह समोरासमोरच्या स्थानांत पडतात. हिचा मंगळ खऱ्या पत्रिकेत दशमात, त्यांच्या कागदावर चतुर्थात. पत्रिका बघणारे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानातला मंगळ धरतात. म्हणजे आम्ही 'मंगळ नाही' लिहिलेलं आणि त्यांना पत्रिकेत मंगळ दिसला. आम्ही लपवलं असंच त्यांना वाटलं. 'कळवतो' म्हणाले आणि फोनच आला नाही. कारण कळलं ते फार उशिरा, मधल्या एका नातेवाइकाकडून. तुमचा पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, समोरचा बघणार असेल तर त्याला खरी वेळ मिळालीच पाहिजे.

वेळ बरोबर उतरली का, हे पत्रिका हाती आल्यावर कुणालाही ताडता येतं. रवी कुठे आहे ते बघायचं. सूर्योदयाच्या सुमारास जन्म असेल तर रवी पहिल्या किंवा बाराव्या स्थानात असतो. सूर्यास्ताच्या सुमारास असेल तर सातव्यात किंवा सहाव्यात. संध्याकाळची मुलगी आणि रवी बाराव्यात दिसला, तर वेळ उलटी पडली आहे असं समजा.

मध्यरात्रीनंतरच्या जन्माला तर दुप्पट काळजी घ्या. 'मंगळवार रात्री १.२०' असं घरी सांगतात तेव्हा घड्याळाच्या हिशेबाने बुधवार लागलेला असतो, कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. नुसती तारीख आणि 'रा. १.२०' लिहिलं तर चक्क एका दिवसाचा घोळ होतो, आणि चंद्र दिवसाला जवळजवळ एक नक्षत्र ओलांडतो. म्हणून असं लिहा: 'मंगळवार मध्यरात्रीनंतर १.२०, कॅलेंडरप्रमाणे १३ तारीख'. ओळ लांब झाली तर होऊ द्या. १२.२० चंही तसंच, दुपारचे की रात्रीचे ते शब्दात सांगा. जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते, तेव्हा दवाखान्याचं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, नाहीतर ज्या बाईमाणसांनी बाळंतपण केलं त्यांना विचारा. जन्मस्थळ म्हणजे मूळ गाव नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर आजोळचं गाव येईल.

नक्षत्रही तोडून लिहू नका. 'उ.' म्हणजे काय? उत्तरा, उत्तराषाढा की उत्तराभाद्रपदा? उत्तरा आद्य नाडीचं, उत्तराषाढा अंत्य, उत्तराभाद्रपदा मध्य. ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीचे, आणि दोघांची नाडी एक आली तर त्या आठांतला एकही मिळत नाही. एका अक्षरापुढच्या टिंबावर एवढं अवलंबून ठेवायचं कशाला? ही आखूड अक्षरं वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ठीक होती. तिथे शब्दाला नाहीतर ओळीला पैसे पडत. फोनवर पाठवताना तेवढं काटकसरीचं कारण उरलेलं नाही. 'उ. सोलापूर', 'द. सोलापूर' हेही जिल्ह्याबाहेरच्याला कळत नाही, 'तालुका दक्षिण सोलापूर' लिहा. ता., जि., मु. पो. चालतील, ती सगळ्यांना येतात.

आता घरच्यांची नावं. थोरल्या बहिणीची जुनी फाइल उघडून त्यातच नाव बदलत असाल तर आजोबांच्या नावापुढचं 'श्री.' तपासा. ते गेले असतील तर 'कै.' हवं. लिंगायत घरांत 'लिं.' लिहितात आणि माळकऱ्यांच्या घरात 'वै.', तेव्हा आपल्या घरी जे चालतं ते थोरल्यांना विचारून घ्या. मुलाला 'चि.', मुलीला 'कु.' पुरे. 'चि. सौ. कां.' लग्नपत्रिकेत शोभतं, इथे नको. आडनाव तेलुगू किंवा कानडी असेल तर कानाला येईल तसं न लिहिता शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच लिहा.

सूर हा भाग मला सर्वांत नाजूक वाटतो. 'अपेक्षा' या शब्दाखाली लोक हुकूम सोडतात. 'फक्त नोकरीवाल्यांनीच संपर्क साधावा, शेतकरी क्षमस्व' हे आपल्या जिल्ह्यात पाठवायचं म्हणजे मोहोळ, सांगोला, मंगळवेढ्याच्या आपल्याच पाहुण्यांच्या तोंडावर दार लावणं. ते वाचणाऱ्यांत तुमचा मामाही असतो. हवं ते होकारात सांगा: 'मुलगा नोकरी किंवा व्यवसायात असावा, पुणे वा सोलापूर येथे राहणारा असल्यास उत्तम'. 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष मुलगी पाहिजे' यातलं 'पाहिजे' सामान मागवल्यासारखं लागतं, आणि रंग तर काढूनच टाका. 'मुलगी नोकरी करते व लग्नानंतरही करू इच्छिते' हे मात्र स्पष्ट राहू द्या, ते मोघम ठेवलं की पुढे दोन्ही घरांना त्रास. 'पगार सहा आकडी' असं मोघम नको, आकडा सांगायचा तर सांगा, नाहीतर ती ओळच नको.

शुद्धलेखनात त्याच त्या चुका होतात. अविवाहित, सुशिक्षित, अपेक्षित यांतला 'इ' ऱ्हस्व. वडील दीर्घ पण वडिलांचे ऱ्हस्व, बहीण दीर्घ पण बहिणी ऱ्हस्व. निर्व्यसनी, 'निरव्यसनी' नव्हे. उंची, कुटुंब, मूळ गाव, जन्मतारीख. ज्येष्ठा नक्षत्रात 'ज्ये' आहे, पूर्वाषाढात 'पू' दीर्घ. हे सगळं कुणा मास्तरांकडून नाही जमलं, तर निदान घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि वाचणाऱ्यांना तोंडी विचारा, 'हिचा जन्म कधीचा?' त्यांना उत्तर द्यायला थांबावं लागलं, तर जन्मवेळेची ओळ परत लिहा.

शेवटचं भराभर. टायपिंगवाल्याने श्रीलिपीत केलं असेल तर वर्ड फाइल पाठवू नका, समोरच्या फोनवर अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफ घ्या. फाइलला मुलीचं नाव द्या. फोटो वेगळा. संपर्काला घरातल्या मोठ्यांचा नंबर, मुलीचा नको, आणि तो पाठवायच्या आधी एकदा लावून बघा.