बांधकाम कामगार नोंदणी: ९० दिवसांच्या दाखल्यावर अडकलेला अर्ज असा मंजूर झाला

लक्षण: एका गवंड्याने बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या mahabocw.in या संकेतस्थळावर अर्ज भरला, आधार आणि पासबुक बरोबर, तरी ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्याची त्रुटी दाखवून अर्ज नामंजूर. तोच कागद आणखी स्पष्ट स्कॅन करून पाहिला, अर्ज नव्याने भरला, उपयोग शून्य. मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात, याचा संताप येतो.

खोट दाखल्यातच होती. जावक क्रमांक नव्हता आणि दिवस जुने होते. अर्जाच्या तारखेपासून मागे १२ महिन्यांतलेच दिवस धरतात. गवंड्याने एका ठेकेदाराकडे ५२ आणि दुसऱ्याकडे ४१ दिवस केले होते, म्हणजे ९३. त्या दोन्ही कामांच्या ठिकाणांसह ग्रामसेवकाकडून एकच दाखला घेतला. जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का तिथेच तपासले. मग अर्जात दाखला देणाऱ्याचा प्रकार 'ग्रामसेवक' निवडून क्रमांक आणि तारीख हुबेहूब भरली. परजिल्ह्यातल्या कामगाराने सध्याचा आणि कायमचा पत्ता वेगवेगळा लिहावा. वय १८ ते ६० हवे.

मंजुरीनंतर दरवर्षी नूतनीकरण चुकवू नका. कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला मिळणारे ५ लाख रुपये आणि पहिल्या दोन मुलांचे शिक्षणसाहाय्य (पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, ७५ टक्के हजेरीवर) नोंदणी चालू असेल तरच मिळते. साठीनंतरचे निवृत्तिवेतनही नोंदणीच्या वर्षांवर ठरते: १० वर्षांना वार्षिक ६,००० रुपये, २० वर्षांना १२,०००. म्हणून जुन्या पावत्या जपून ठेवा.