बुडालेल्या तासिकांचा अर्ज प्राचार्यांना देण्याआधी

शेजारची एक मुलगी सत्तरी तालुक्यातून बसने कॉलेजला जाते. डेंगीतून उठल्यावर तिने मला फोनवर टिपणं पाठवली: "ताप आला. डेंगी निघाला. आठवडाभर ॲडमिट. बरीच लेक्चरं बुडाली. आयएसए चुकली. दोन प्रॅक्टिकलं राहिली. महिन्याच्या सुरुवातीला पावसात बस चुकली, तेव्हाही दोन दिवस गेले नाही. याचा अर्ज करून दे." सगळं खरं होतं, पण त्यात एकही तारीख नव्हती. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी आम्ही एक कागद घेतला आणि दिवस मांडले.

सोमवार 14 जुलैला ताप आला, ती घरीच होती. मंगळवार 15 ला डॉक्टरांकडे गेली आणि त्याच दिवशी दाखल झाली. शनिवार 19 ला घरी सोडलं आणि 22 पर्यंत विश्रांती सांगितली. 23 ला पुन्हा रक्त तपासायला बोलावलं होतं. 24 ला ती कॉलेजात हजर झाली. मध्ये 20 चा रविवार गेला, म्हणजे गैरहजेरी कामकाजाच्या 9 दिवसांची. "आठवडाभर ॲडमिट" हे बोलण्यात चालतं, पण डिस्चार्ज कार्डावर 15 ते 19 आहे. अर्जात एक आणि कार्डावर दुसरंच दिसलं, तर कार्यालयातला माणूस सगळ्याच अर्जाकडे शंकेने पाहतो.

म्हणून प्रत्येक तारखेसमोर कागद ठेवून बघा. 15 ते 19 ला डिस्चार्ज कार्ड, 20 ते 22 ला विश्रांतीचा दाखला, 23 ला तपासणीची चिठ्ठी. 14 तारीख मात्र उघडी पडली. डॉक्टरांना मागची तारीख घालायला सांगू नका. कार्डावर "कालपासून ताप" अशी नोंद होती, तीच पुरेशी ठरली. सोबत आईच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी जोडली. सगळ्याच्या झेरॉक्स द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत.

बस चुकलेले दोन दिवस या अर्जातून आम्ही काढले. मुलीला ते पटत नव्हतं, एकाच अर्जात सगळं उरकावं असं तिला वाटत होतं. पण ते आजारपण नव्हतं. ते डेंगीच्या आड घातले असते, तर खऱ्या 9 दिवसांवरही डाग आला असता. त्या दिवसांचं तिने वर्गशिक्षकांना वेगळं सांगितलं.

मग मागणी ठरवा. मुलं सवयीने "9 दिवसांची रजा मिळावी" असं लिहितात. दिवस तर होऊन गेलेले असतात, आता रजा मिळायची कशी? झालेली गैरहजेरी वैद्यकीय कारणास्तव ग्राह्य धरावी, असं मागायचं. अर्ज मंजूर झाला म्हणजे हजेरीपटावरचे आकडे आपोआप बदलत नाहीत, म्हणून 75 टक्क्यांचा हिशेब विषयवार स्वतः करून ठेवा. 45 तासिकांच्या विषयात किमान 34 हव्यात, म्हणजे 11 पर्यंत बुडाल्या तर निभतं. बस चुकलेले दिवसही त्यात मोजावे लागतात. चुकलेली चाचणी ही वेगळी मागणी आहे. ती विषय आणि तारखेसह, स्वतंत्र वाक्यात लिहा. प्रॅक्टिकलांचंही तसंच.

वर उजवीकडे दिनांक, मग "प्रति, मा. प्राचार्य", खाली "मार्फत: वर्गशिक्षक". वर्गशिक्षकांची सही आधी घ्या, नाहीतर अर्ज परत फिरतो. विषयाच्या ओळीत कारण आणि तारखा दोन्ही याव्यात. आमचा मजकूर असा झाला:

"महोदय, मी द्वितीय वर्ष विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. डेंगीच्या आजारामुळे मी दि. 14 ते 23 जुलै या काळात महाविद्यालयात उपस्थित राहू शकले नाही. दि. 15 ते 19 जुलै मी रुग्णालयात दाखल होते व त्यानंतर वैद्यकीय सल्ल्यानुसार दि. 22 पर्यंत विश्रांती घेतली. दि. 23 रोजी फेरतपासणी होती. दि. 24 पासून मी नियमित उपस्थित आहे. वरील गैरहजेरी वैद्यकीय कारणास्तव ग्राह्य धरावी, ही विनंती. दि. 21 रोजी झालेली रसायनशास्त्राची आयएसए चाचणी पुन्हा देण्याची, तसेच दि. 16 व 23 ची प्रात्यक्षिके पूर्ण करण्याची संधी मिळावी, ही नम्र विनंती."

ताप किती चढला, घरचे किती घाबरले, हे अर्जात नाही. तेवढं कार्डावरून कळतं. शेवटी "आपली विश्वासू", सही, नाव, वर्ग, रोल नंबर आणि पीआर नंबर. त्याखाली "सोबत" असं लिहून जोडलेल्या चारही कागदांची नावं. कॉलेजने इंग्रजीत अर्ज मागितला तरी क्रम हाच ठेवा.

दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायची. तिने अर्ज 24 लाच दिला, आणि त्याच दुपारी पोचेची प्रत घेऊन रसायनशास्त्राच्या शिक्षिकांना भेटली.