सिम पीयूके मागतंय? अंदाजाने आकडे टाकू नका

खानापूरच्या बाजारात माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. नंदगडच्या एक आक्का मागे घाबऱ्याघुबऱ्या आल्या. नातवाने फोनला "सिक्युरिटी" लावायला घेतली आणि सिमच बंद पडलं. बँकेचे मेसेज त्याच नंबरावर येतात, गॅसचं बुकिंगही त्यावरूनच. आक्कांचं सिम कसं उघडलं ते सविस्तर सांगतो, कारण त्यात चुकायच्या जवळपास सगळ्या जागा आल्या होत्या.

पहिली गोष्ट, सिमची पिन वेगळी आणि फोन उघडायचा पॅटर्न किंवा आकडे वेगळे. नातवाने सेटिंगमध्ये जाऊन "SIM card lock" चालू करायला घेतलं. तिथे फोन पिन विचारतो. त्याला वाटलं, नवीन पिन ठरवायची आहे, म्हणून त्याने स्वतःचं जन्मसाल टाकलं. खरं तर फोन तिथे सिमची आधीचीच पिन मागत असतो, कंपनीने घालून दिलेली. ती जुळली तरच लॉक चालू होतं. पोराने तेच साल तीनदा टाकलं आणि तिसऱ्या वेळी फोनने PUK म्हणजे पीयूके, अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागितला. लॉक चालू व्हायच्या आधीच सिम अडकलं, आणि असं माझ्याकडे बऱ्याचदा येतं.

पिनसाठी तीन संधी असतात. त्या संपल्या की सिम पीयूके मागतं. हा आठ आकड्यांचा कोड त्या एकाच सिमचा असतो आणि त्याला दहा संधी असतात. दहाही वाया गेल्या की ते सिम कायमचं निकामी होतं, मग कोणतंही दुकान ते उघडू शकत नाही. ही मोजणी फोनमध्ये नसते, सिमच्या चिपमध्ये असते. म्हणून फोन बंद करून चालू केला, रिसेट केला किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी गेलेल्या संधी परत येत नाहीत. रिसेटने फोनमधले फोटो मात्र जातील, तो उद्योग करूच नका.

कोड शोधायचा कुठे

सिम घेतलं तेव्हा ते ज्या मोठ्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढलं, ते कार्ड किंवा त्याचं पाकीट शोधा. पुष्कळदा पीयूके त्यावर छापलेला असतो. आक्कांनी ते देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपून ठेवलं होतं. पण त्यावरचा कोड मी टाकला नाही. सिम बाहेर काढून त्याच्या पाठीवरचा बारीक लांबलचक नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून पाहिला. आपल्याकडच्या सिमवर तो 8991 ने सुरू होतो. शेवटचे आकडे जुळेनात. विचारल्यावर कळलं, फोर-जी आलं तेव्हा मुलाने सिम बदलून आणलं होतं. नंबर तोच राहिला, पण सिम नवं, म्हणजे पीयूकेही नवा. जुन्या कार्डावरचा कोड टाकला असता तर एक संधी फुकट गेली असती.

कार्ड सापडलं नाही किंवा जुळलं नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. त्याच कंपनीचा दुसरा नंबर घरात कुणाकडे असेल तर त्यावरून लावणं सोपं पडतं. बेळगाव भागातल्या नंबरावरून लावला की आधी कन्नड ऐकू येतं. घाई न करता पुढचे भाषेचे पर्याय ऐका आणि जमेल ती भाषा निवडा. सिम कुणाच्या नावावर आहे, जन्मतारीख, पत्ता, शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा होता, असलं काहीबाही विचारून खात्री करतात आणि मग पीयूके सांगतात. कंपनीचं ॲप त्याच नंबराने आधीपासून उघडलेलं असेल तर वायफायवर त्यातही कोड मिळू शकतो. ॲप नव्याने उघडायला गेलात तर ओटीपी त्याच अडकलेल्या सिमवर जाणार, तो रस्ता बंदच समजा.

सीमाभागात खरी अडचण नावाची होते. आक्कांचं सिम मुलाने कोल्हापुरात नोकरीला असताना स्वतःच्या नावावर घेतलेलं. वापरतात आक्का नंदगडात, कागद मुलाचे, आणि मुलगा आता पुण्यात. अशा वेळी ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच ग्राहक सेवेशी बोलावं. संध्याकाळी मुलाने कोड मिळवला आणि शेजारणीच्या फोनवर आईला सांगितला.

कोड टाकताना

आक्कांनी तो कागदावर लिहून घेतला, मराठी आकड्यांत. नातू इंग्रजी शाळेतला. त्याने कागदावरचा १ हा इंग्रजी 9 म्हणून वाचला. फोनने उत्तर दिलं, कोड चुकला, नऊ संधी उरल्या. दुसऱ्या दिवशी कागद माझ्या हातात आला तेव्हा घोळ लक्षात आला. म्हणून कोड इंग्रजी आकड्यांतच लिहा, एकेक आकडा सुटा विचारून घ्या आणि सांगणाऱ्याला पुन्हा वाचून दाखवा. हिंदीतून घेत असाल तर सात आणि साठ यांची गल्लत सांभाळा.

पडद्यावर कोडची चौकट असेल तर तिथे आठ आकडे टाकून ओके करा. मग फोन नवीन पिन मागतो, चार ते आठ आकड्यांची, आणि तीच पुन्हा एकदा मागतो. जुनी पिन आठवायची गरज नाही. साध्या बटणाच्या फोनवर चौकट दिसली नाही तर नंबर लावतो तसं हे टाइप करा:

```
**05*PUK*नवीनपिन*नवीनपिन#
```

PUK च्या जागी आठ आकडे आणि नवीनपिनच्या जागी दोन्ही वेळा तीच पिन, मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. आक्कांच्या फोनवर चौकट होती. आकडे टाकले, नवी पिन दोनदा दिली, आणि अर्ध्या मिनिटात रेंजच्या काड्या दिसल्या. कोड बरोबर बसला की वाया गेलेल्या संधीही भरून येतात.

चार-पाच वेळा चुकलं असेल तर तिथेच थांबा आणि कोड कंपनीकडून पुन्हा विचारून घ्या. दहाही संधी गेल्या तर त्याच नंबराचं नवीन सिम घ्यावं लागतं. त्यासाठी ज्याच्या नावावर सिम आहे त्याने ओळखपत्र घेऊन स्वतः जायचं. सिम महाराष्ट्रातलं असेल तर बेळगावच्या दुकानात जाण्याआधी ते तिथे मिळेल का हे फोनवर विचारा. सहसा ज्या सर्कलचं, म्हणजे मोबाईल सेवेच्या ज्या विभागाचं सिम, त्याच सर्कलमध्ये ते काम होतं. कोल्हापूर, पुणे आणि गोवा एकाच सर्कलमध्ये येतात, त्यामुळे आक्कांच्या मुलाला वेळ आली असती तर पुण्यातच सिम मिळालं असतं. नवं सिम चालू झाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. जे नंबर फक्त सिममध्येच साठवलेले असतात, तेही जातात.

शेवटी मी आक्कांना विचारलं, लॉक हवं की नको. त्या नको म्हणाल्या. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद असल्याची खात्री केली. नवीन पिन आणि पीयूके दोन्ही इंग्रजी आकड्यांत एका जाड कागदावर लिहिले, सिमच्या पाठीवरचा नंबर खाली उतरवला आणि कागद त्यांच्या हाती दिला. जुनं कार्ड मात्र कात्रीने कापून टाकलं.